भाषा सुरेख, मग २० पैकी ८ च का? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला पत्र

*"सर, कर्जमाफीवरच्या निबंधात मला २० पैकी ८ मिळाले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, वर्गात वाचला तेव्हा सगळ्यांना आवडला होता. तुम्ही खाली फक्त 'युक्तिवाद कमकुवत' एवढंच लिहिलं आहे. बारावीपर्यंत निबंधात मला कधीच कमी गुण पडले नाहीत. नेमकं कुठं चुकलं?"*

प्रिय विद्यार्थिनी,

आधी गुणांचा हिशोब सांगतो. भाषा आणि मांडणीला ४ पैकी ४, माहितीला ४ पैकी २, विरोधी मताच्या विचाराला ४ पैकी १ आणि युक्तिवादाला ८ पैकी १. एकूण ८. भाषेचे गुण कापलेले नाहीत, तिथे तुला पूर्ण गुण आहेत. पण या प्रश्नात सगळ्यांत जास्त वजन युक्तिवादाला होतं आणि नेमकी तीच जागा तुझ्या निबंधात रिकामी आहे. ती कशी रिकामी राहिली हे कळायला पूर्ण निबंध नको, तुझा एक परिच्छेद पुरेल. पान दोनवरचा हा परिच्छेद वर्गात सगळ्यांत जास्त आवडला होता.

"शेतकरी हा जगाचा पोशिंदा. रात्रंदिवस राबूनही त्याच्या पदरी निराशाच येते. २००८ साली सरकारने मोठा गाजावाजा करून साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पण आभाळच फाटले असताना ठिगळ कुठे कुठे लावणार? विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. यावरून कर्जमाफी सपशेल फसली हे सिद्ध होते. जोवर राज्यकर्त्यांना मातीची कळकळ नाही, तोवर बळीराजाचे अश्रू थांबणार नाहीत."

सात वाक्यं आहेत. हातात पेन्सिल घे आणि प्रत्येक वाक्यापुढे ते काय काम करतं ते लिही. पहिलं आणि दुसरं वाक्य भावना जागवतात. तिसरं माहिती देतं, आणि ती बरोबर आहे. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात सुमारे ६० हजार कोटींचीच घोषणा झाली होती. चौथं पुन्हा भावना. पाचवं माहिती देतं, पण त्याला साल नाही, आकडा नाही, कुठून घेतलं तेही नाही. सहाव्यात निष्कर्ष आहे. सातव्यात राज्यकर्त्यांच्या मनाविषयी एक आरोप आहे, ज्याचा वरच्या सहा वाक्यांत कुठेच आधार नाही. म्हणजे सात वाक्यांत माहितीची दोन, निष्कर्षाचं एक, आणि त्या दोन्हींना जोडणारं एकही नाही. तुझे गुण या न लिहिलेल्या वाक्यात गेले.

आता "यावरून सिद्ध होते" या शब्दांवर थांब. आत्महत्या थांबल्या नाहीत, म्हणून कर्जमाफी फसली. ही उडी घ्यायची तर मधल्या तीन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. एक, कर्जमाफीचा हेतू आत्महत्या थांबवणं हा होता. दोन, ज्यांनी नंतर जीव दिला त्यांना कर्जमाफीचा लाभ मिळालेला होता, कारण लाभच मिळाला नसेल तर तो फसला असं म्हणता येत नाही, तो पोचला नाही असं म्हणावं लागेल. तीन, कर्जमाफी नसती तरी परिस्थिती एवढीच वाईट राहिली असती. या तिन्हींबद्दल तुझ्या निबंधात एक अक्षर नाही. त्या खोट्या आहेत असं माझं म्हणणं नाही. त्या तू तपासल्या नाहीस, आणि वाचणाऱ्याने त्या मुकाट्याने मान्य कराव्यात अशी अपेक्षा धरलीस, एवढंच सांगतो आहे.

याची एक साधी परीक्षा आहे. तुझाच पुरावा तुझ्या विरोधकाच्या हातात देऊन बघ. कर्जमाफीचा कट्टर समर्थक म्हणेल, "आत्महत्या थांबल्या नाहीत हे खरं आहे, पण कर्जमाफी नसती तर त्या आणखी वाढल्या असत्या." त्याने तुझीच माहिती वापरली आणि तुझ्या उलट निष्कर्ष काढला. एकच पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच चालतो, तेव्हा तो कोणाच्याच बाजूचा नसतो. चांगला पुरावा विरोधकाच्या हातात दिला की त्याची अडचण होते.

तुला हे लिहिताना जाणवलं नाही, याचं कारण तुझी भाषाच आहे. ज्याची भाषा अडखळते तो विद्यार्थी "म्हणून" लिहिताना थांबतो, कारण पुढचं वाक्य मागच्याला जुळत नाही हे त्याला टोचतं. तुझ्या वाक्यांना लय आहे. "आभाळच फाटले असताना" म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन हलतं आणि दोन वाक्यांमधली फट त्या लयीत बुजून जाते. वर्गात वाचताना तर ती अजिबात ऐकू येत नाही, कारण ऐकणाऱ्याला मागे वळून बघता येत नाही. कागदावर वाचणाऱ्याला येतं. वक्तृत्व स्पर्धेत, बारावीच्या ललित निबंधात हीच लय गुण मिळवून देते आणि तिथे ती योग्यही आहे. पण तुला विचारलेला प्रश्न असा होता: "२००८ ची केंद्र सरकारची कर्जमाफी विदर्भातील कोरडवाहू कापूस शेतकऱ्याच्या अडचणीला कितपत लागू पडली, याची चिकित्सा करा." तो प्रश्न शेतकऱ्याचं दुःख सांगायला सांगत नव्हता. एका विशिष्ट योजनेच्या अटी एका विशिष्ट शेतकऱ्याला लावून बघायला सांगत होता. तुझ्या साडेचार पानांत त्या योजनेची एकही अट आलेली नाही. माहितीचे दोन गुण तिथेच गेले, आणि अटी नसल्यामुळे युक्तिवादाला उभं राहायला जमीनही उरली नाही.

म्हणून आता तुझ्याच निष्कर्षाच्या जवळचा एक निष्कर्ष घेऊ आणि तो नीट उभा करून दाखवतो. तुझं मत बदलायचं कारण नाही. योजना कोरडवाहू शेतकऱ्याला नीट लागू पडली नाही, हे मत धरूनच चालू.

योजनेचा गाभा असा होता. ३१ मार्च २००७ पर्यंत वाटप झालेलं, ३१ डिसेंबर २००७ ला थकीत असलेलं आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फेडलेलं पीककर्ज पात्र. कर्ज बँकेचं किंवा सहकारी संस्थेचं हवं. ज्याची जमीन २ हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत, त्याची पात्र रक्कम पूर्ण माफ. ज्याची जमीन २ हेक्टरपेक्षा जास्त तो "इतर शेतकरी". त्याला २५ टक्के सूट, आणि तीही उरलेली रक्कम त्याने भरली तर.

या अटींमधली एकच घे, जमिनीची. तीनही एकदम घेतल्यास तर पुन्हा प्रत्येकीला अर्धं वाक्य मिळेल आणि एकही सिद्ध होणार नाही. पहिल्या वर्षाच्या निबंधाला एक अट शेवटपर्यंत नेली तरी पुष्कळ झालं.

आता दोन शेतकरी समोर ठेव. एकाकडे सात एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. दुसऱ्याकडे चार एकर ओलिताची, विहीर आहे, खरीप झाल्यावर गहू किंवा हरभराही निघतो. सात एकर म्हणजे २.८ हेक्टर, चार एकर म्हणजे १.६ हेक्टर. दोघांचंही ६० हजारांचं पीककर्ज थकलेलं आणि तारखांमध्ये बसणारं आहे असं धर. ओलितवाल्याचे ६० हजार पूर्ण माफ. कोरडवाहूवाला मात्र "इतर शेतकरी" ठरला. दोघांपैकी पावसाच्या भरवशावर कोण आहे, दुसरं पीक कोणाला घेता येत नाही, हे गावातलं लहान पोरही सांगेल. तरी पूर्ण माफी दुसऱ्यालाच मिळाली, कारण योजनेने अडचण मोजली ती हेक्टरमध्ये.

वरच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. "कारण योजनेने अडचण मोजली ती हेक्टरमध्ये." माहिती आणि निष्कर्ष यांच्यामधला दुवा तो हा. त्याला अजून एका वाक्याचा टेकू लागतो: कोरडवाहू भागात जमीन जास्त असणं म्हणजे उत्पन्न जास्त असणं नव्हे, कारण तिथे एकरी उत्पन्न पावसावर ठरतं आणि वर्षाला एकच पीक हाती येतं. ही दोन वाक्यं लिहिली की वाचणाऱ्याला तुझ्याशी भांडायचं असेल तर कुठे भांडायचं ते कळतं. युक्तिवाद असा, की ज्यात नेमकं कुठे बोट ठेवायचं ते विरोधकाला दिसतं. "राज्यकर्त्यांना कळकळ नाही" या वाक्यावर कोणालाच बोट ठेवता येत नाही, म्हणून त्याला गुणही देता येत नाहीत.

आता विरोधक बोट ठेवतो. तो म्हणेल, सरकारला कोरडवाहू भागाची जाणीव नव्हती हे खोटं आहे. अवर्षणप्रवण कार्यक्रमातल्या जिल्ह्यांसाठी आणि २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या जिल्ह्यांसाठी वेगळी तरतूद होती. तिथे इतर शेतकऱ्याला २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त ती सूट. त्या पॅकेजमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे आपले सहाही जिल्हे होते. ही माहिती तुझ्या बाजूच्या विरोधात जाते. नेमक्या अशाच माहितीची तू निबंधात स्वतःहून दखल घ्यायला हवीस. ती लपवलीस आणि तपासणाऱ्याला ती माहीत असली, तर तुझ्या बाकीच्या माहितीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

दखल घ्यायची म्हणजे हिशोब करून दाखवायचा. ६० हजारांचे २५ टक्के म्हणजे १५ हजार. २० हजार त्यापेक्षा जास्त, म्हणून सूट २० हजार. उरले ४० हजार, ते त्याने भरायचे. लांब धाग्याच्या कापसाचा २००७-०८ चा हमीभाव क्विंटलला २,०३० रुपये होता. म्हणजे ४० हजार म्हणजे जवळपास २० क्विंटल कापूस, आणि तोही बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी काही वजा न करता. जो आधीच थकीत आहे, म्हणजे ज्याच्या हातात मागच्या हंगामाचेही पैसे नाहीत, त्याला सूट मिळवण्यासाठी आधी एवढी रक्कम उभी करायची होती. आता तू म्हणू शकतेस: विशेष तरतुदीने सूट वाढवली, पण सूट मिळण्याची वाट भरणा करण्याच्या ताकदीतूनच जात राहिली, आणि कोरडवाहू थकबाकीदाराकडे नेमकी तीच नव्हती.

बघ, विरोधी मुद्दा घेतल्यावर तुझा मुद्दा दुबळा झाला नाही, उलट नेमका झाला. आधी तू "हेक्टरची अट चुकीची" एवढंच म्हणत होतीस. आता "हेक्टरची अट आणि आधी भरण्याची अट मिळून चुकीच्या माणसाला बाहेर ठेवतात" असं म्हणतेस. विरोधी मताला चार गुण ठेवलेले असतात ते यासाठी. विरोधकाला हरवण्यापेक्षा त्याच्यामुळे आपलं म्हणणं घासून लखलखीत करणं, हे त्या चार गुणांचं काम.

तुझ्या निबंधात विरोधी मत आहे, पण ते असं आहे: "काही तथाकथित तज्ज्ञ म्हणतात की कर्जमाफीने परतफेडीची शिस्त बिघडते. पण वातानुकूलित खोलीत बसून बोलणाऱ्यांना शेतकऱ्याचे दुःख काय कळणार?" इथे तू मुद्द्याला उत्तर दिलंच नाहीस, बोलणाऱ्याच्या खोलीला दिलंस. शिस्तीचा मुद्दा खराच वजनाचा आहे. ज्याने बायकोचा दागिना मोडून वेळेवर कर्ज फेडलं त्याला २००८ मध्ये काही मिळालं नाही, आणि शेजारच्या थकबाकीदाराला मिळालं, हे त्याने पाहिलं. पुढच्या वेळी तो फेडेल का? हा प्रश्न गावातलाच आहे, त्यासाठी एसीची खोली लागत नाही. धोरण ठरवणाऱ्यांनीही तो मानला. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफी योजनेत नियमित फेडणाऱ्यांसाठी प्रोत्साहनाची रक्कम ठेवली गेली. तुझ्याजवळ याचं उत्तर नसेल तर तेही चालतं. "हा आक्षेप खरा आहे, पण तो कर्जमाफी असावी की नाही याविषयी आहे, ही कर्जमाफी कोरडवाहू शेतकऱ्याला लागू पडली की नाही या प्रश्नाला तो लागू होत नाही" असं एक वाक्य लिहिलं असतंस तरी चारपैकी तीन गुण मिळाले असते. आक्षेप बाजूला ठेवता येतो, फक्त तो का बाजूला ठेवला ते सांगावं लागतं.

दुसरी एक गोष्ट, जी तुझ्यासारख्या गावातून आलेल्या मुलामुलींच्या निबंधात वारंवार दिसते आणि जिच्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. पान तीनवर तू लिहिलंस, "आमच्या गावात कोणालाच कर्जमाफीचा लाभ झाला नाही." या वाक्याला मी लाल रेघ मारली, म्हणून गावचा अनुभव पुरावा म्हणून चालत नाही असं समजू नकोस. चालतो, आणि शहरातल्या विद्यार्थ्याकडे नसलेली ती तुझी पुंजी आहे. चुकलं ते "कोणालाच" या शब्दात. एवढा मोठा दावा सिद्ध करायला गावातल्या प्रत्येक खातेदाराची माहिती लागेल, आणि एकाही शेतकऱ्याला लाभ झाला असेल तर तो दावा कोसळतो.

हाच अनुभव वापरायचा कसा? गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या सचिवांना भेट. कोणाचं नाव विचारू नकोस, निबंधातही कोणाचं नाव घालू नकोस. एवढंच विचार की २००८ मध्ये पूर्ण माफीत किती खातेदार बसले, इतर शेतकऱ्यांत किती होते आणि त्यांपैकी कितींनी उरलेली रक्कम भरून सूट घेतली. जुनं दप्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर त्या काळचे पाच-सात शेतकरी भेटतील. त्यांना त्यांच्या वेळच्या जमिनीचं क्षेत्र, कर्ज कुठलं होतं, आणि नेमकं काय झालं ते विचार. मग निबंधात लिही, "गावातील ज्या सात शेतकऱ्यांशी बोलले त्यांपैकी अमुक जणांची जमीन २ हेक्टरपेक्षा जास्त होती, त्यांपैकी अमुक जणांनी उरलेली रक्कम भरली नाही." दावा लहान झाला, पण आता तो हलत नाही. पुराव्याएवढाच दावा करायचा. एवढी एक सवय लागली तर पुढच्या तीन वर्षांत तुझे निबंध ओळखू येणार नाहीत.

सावध राहायची एक जागा इथेच सांगतो. सात-बारावरचं क्षेत्र आणि घरची शेती या वेगळ्या गोष्टी असतात. घरची बारा एकर शेती तीन भावांच्या नावावर वेगवेगळी चढलेली असेल तर तिघेही २ हेक्टरच्या आत बसू शकतात. तेव्हा "शेती किती" असं विचारलंस तर घरची शेती सांगतील, आणि तुझा हिशोब चुकेल. "कर्ज ज्यांच्या नावावर होतं त्यांच्या नावावर तेव्हा किती" असं विचार.

आणि जिल्ह्याबद्दल काही म्हणायचं असेल, उदाहरणार्थ "कोरडवाहू तालुक्यांत २ हेक्टरपेक्षा मोठे खातेदार जास्त आहेत", तर गावातल्या सात जणांवरून ते म्हणता येत नाही. त्यासाठी कृषी गणनेचे आकडे लागतील. जिल्ह्याचं "सामाजिक व आर्थिक समालोचन" ग्रंथालयात संदर्भ विभागात असतं, त्यात जमीनधारणेचा आणि सिंचनाचा तक्ता असतो. ते दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघ. आकडा तुझ्या म्हणण्याला जुळला नाही तर म्हणणं बदल. ते बदलल्याबद्दल गुण कमी होत नाहीत.

पुढे निबंध पूर्ण झाल्यावर दोन तपासण्या कर. पहिली, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरव आणि ती वाक्यं सलग वाच. त्यातून एक म्हणणं पुढे सरकताना दिसलं पाहिजे. तुझ्या निबंधाची अशी पाच वाक्यं मी उतरवून पाहिली: शेतकरी पोशिंदा आहे, कर्जमाफी फसली, सावकार छळतो, निसर्ग कोपतो, सरकारने जागे व्हावे. यांचा क्रम कसाही बदल, काही बिघडत नाही. क्रम बदलला तरी काही बिघडत नसेल तर ती यादी आहे, युक्तिवाद नाही. दुसरी तपासणी, दोन वाक्यांच्या मध्ये "म्हणून" किंवा "कारण" घालून मोठ्याने वाच. "रात्रंदिवस राबूनही पदरी निराशा येते, म्हणून सरकारने कर्जमाफी जाहीर केली, म्हणून आभाळ फाटले" असं वाचलंस की कुठे दुवा नाही ते कानालाच कळेल. तुझा कान चांगला आहे, तो या कामाला लाव.

आता तोच परिच्छेद कसा झाला असता ते बघ. ही माझी भाषा आहे, तुझी यापेक्षा सुंदर होईल.

"२००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच होती. कोरडवाहू भागात मात्र क्षेत्रावरून आर्थिक ताकद कळत नाही, कारण तिथे उत्पन्न पावसावर ठरते आणि वर्षात एकच पीक मिळते. त्यामुळे सात एकर पऱ्हाटीचा शेतकरी पूर्ण माफीतून वगळला गेला आणि चार एकर ओलिताचा शेतकरी तिच्यात बसला. विदर्भातील सहा जिल्ह्यांत इतर शेतकऱ्यांना किमान २० हजार रुपयांची वाढीव सूट होती हे खरे, पण ती उरलेली रक्कम भरल्यावरच मिळणार होती. ६० हजारांच्या थकबाकीवर हा भरणा ४० हजारांचा होतो. म्हणून या योजनेची रचना कोरडवाहू थकबाकीदाराच्या अडचणीला अपुरी पडली, असे म्हणता येते."

सहा वाक्यं आहेत. पोशिंदा नाही, बळीराजा नाही, अश्रू नाहीत. शेवटचं वाक्य बघ: "सपशेल फसली" नाही, "सिद्ध होते" नाही. "रचना अपुरी पडली, असे म्हणता येते" एवढंच, कारण दाखवलेल्या पुराव्यातून एवढंच निघतं. आणि तरी हा परिच्छेद वाचून सात एकरवाल्याची अडचण तुझ्या मूळ परिच्छेदापेक्षा जास्त समजते.

पान तीनवर तुझं एक वाक्य आहे: "बँकेचे कर्ज माफ झाले तरी कृषी केंद्राची उधारी आणि सावकाराचे व्याज तसेच राहिले." हे तुझ्या निबंधातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य आहे, युक्तिवादाचा जो एक गुण दिला तो याच वाक्याचा. पण तू ते अर्ध्या ओळीत सोडून निसर्गाच्या कोपाकडे वळलीस. यातून दुसरा पूर्ण परिच्छेद उभा राहतो. योजना फक्त बँक आणि सहकारी संस्थेच्या कर्जाला होती, ही माहिती. विरोधकाचं म्हणणं काय असेल? बँकेचं खातं मोकळं झालं की नवं पीककर्ज मिळतं, मग सावकाराकडे जायची गरजच कमी होते. हे म्हणणं बिनबुडाचं नाही. त्याला उत्तर द्यायचं तर ४० हजार भरू न शकलेल्या इतर शेतकऱ्याचं खातं मोकळं झालं का, इथून सुरुवात करावी लागेल. बघ, पहिला परिच्छेद दुसऱ्याला आपोआप जोडला गेला. आता त्यांचा क्रम बदलून दाखव, बदलता येणार नाही.

फेरलेखनासाठी पूर्ण निबंध लिहू नकोस. हे दोनच परिच्छेद लिही, प्रत्येकी दीडशे शब्दांच्या आत. पहिला तुझ्या शब्दांत, माझा उतरवायचा नाही. दुसरा पूर्णपणे तुझा. दोन्हींच्या कडेला पेन्सिलने प्रत्येक वाक्याचं काम लिहून आण: माहिती, दुवा, आक्षेप, उत्तर, निष्कर्ष. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता आलं नाही ते खोडू नकोस, तसंच ठेव. त्याच वाक्यांवर आपण आधी बोलू.

तुझे सर